महिना २,२२४ रुपये कसे आले? दुरुस्ती-कर्जाचा हिशेब सभेपुढे मांडताना

दुरुस्तीच्या कर्जासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली की येणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या मनात एकच प्रश्न असतो: माझ्या बिलात महिन्याला किती वाढणार? बहुतेक खजिनदार हे उत्तर भाषणाच्या शेवटी देतात. आधी इमारतीचा इतिहास, मग स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, मग कुठल्या बँकेने काय सांगितले ते. तोवर काही सभासद उठून गेलेले असतात आणि बसलेले चिडलेले असतात. सोसायट्यांचे हिशेब तपासण्याच्या निमित्ताने अशा सभांना मी बसत आलो आहे, आणि माझे मत पक्के झाले आहे: आकडा पहिल्या मिनिटाला सांगावा आणि उरलेल्या वेळात तो कसा आला ते सुटे करून दाखवावे.

हे प्रत्यक्षात कसे करायचे, ते एका नमुन्याच्या सोसायटीवरून पाहू. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. इमारत १९९३ची, तळमजला अधिक तीन मजले, दोन विंग, एकूण २४ सदनिका. ‘अ’ विंगेत ४५० चौरस फुटांच्या १२ आणि ‘ब’ विंगेत ६५० चौरस फुटांच्या १२. सगळे मिळून क्षेत्र १३,२०० चौरस फूट. खजिनदार उभ्या राहतात आणि म्हणतात:

“सभासद बंधू-भगिनींनो, आजचा ठराव मंजूर झाला तर ‘अ’ विंगेतल्या प्रत्येक घराला महिना २,२२४ रुपये आणि ‘ब’ विंगेतल्या प्रत्येक घराला महिना ३,२१२ रुपये, असे पाच वर्षे भरावे लागतील. नेहमीच्या मेंटेनन्सशिवाय हे वेगळे आहेत. आता हे रुपये कुठून आले ते सांगते, आणि कुठेही अडलात तर मला तिथेच थांबवा.”

पहिला प्रश्न लगेच येतो, आणि तो रास्त असतो. आम्ही तीस वर्षे दुरुस्ती निधी भरतोय, सिंकिंग फंड भरतोय, मग कर्ज कशाला?

याचे उत्तर उपविधींतच आहे. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीची किमान वर्गणी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडाची किमान वर्गणी ०.२५ टक्के असते. बांधकाम खर्च म्हणजे इमारत बांधली तेव्हाचा, जमिनीची किंमत सोडून. आपल्या नमुन्यातल्या लहान घराचा तो खर्च दीड लाख रुपये धरला, तर दुरुस्ती निधी वर्षाला १,१२५ रुपये आणि सिंकिंग फंड वर्षाला ३७५ रुपये. सिमेंट, मजुरी, परांचीचे भाडे हे सगळे आजच्या भावाने द्यायचे आणि वर्गणी मात्र १९९३च्या भावावर, अशी ही गाठ आहे. उपविधींनी किमान दर सांगितला आहे, त्याहून जास्त घ्यायला सर्वसाधारण सभेला कुणी अडवलेले नाही. पण किमान दरच वर्षानुवर्षे चालू ठेवणाऱ्या सोसायट्या मी जास्त पाहिल्या आहेत. आपल्या नमुन्यातही तेच झाले आहे. सिंकिंग फंडाच्या ठेवी व्याजासह १२ लाखांवर पोचल्या आहेत आणि दरवर्षीची किरकोळ कामे करून दुरुस्ती निधीत ६ लाख उरले आहेत.

त्यातले किती काढायचे? खजिनदारांचा प्रस्ताव असा आहे की दुरुस्ती निधीतले सगळे ६ लाख आणि सिंकिंग फंडातले ७ लाख वापरावेत, ५ लाख ठेवीत राहू द्यावेत. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर काम भारी दुरुस्तीचे आहे असा आर्किटेक्टचा दाखला आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. कर्जाचे व्याज ठेवीच्या व्याजाहून जास्त असते, त्यामुळे सगळीच ठेव मोडा असे कुणीतरी सुचवतेच. हिशेबाने ते बरोबर आहे. तरी कामाच्या मध्यावर लिफ्ट किंवा पंप बंद पडला तर गाठीला काही असावे, म्हणून ५ लाख राखणे मला योग्य वाटते.

आता खर्चाची बाजू. कंत्राटदाराचे काम ३२ लाखांचे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५ लाख ७६ हजार. अंदाजपत्रक करणारा, मोजमाप घेणारा आणि देखरेख ठेवणारा सल्लागार करासह दीड लाख. आणि कामाच्या रकमेच्या १० टक्के राखीव, करासह ३ लाख ७७ हजार ६००. बेरीज ४३ लाख ३ हजार ६००. आपल्याकडचे १३ लाख वजा केले की ३० लाख कर्ज घ्यावे लागते. वरचे ३,६०० चालू खात्यातून.

या चार रकमांपैकी राखीव रकमेवर सभेत सर्वात जास्त संशय घेतला जातो. “ही कुणाच्या खिशात जाणार?” असे उघड विचारले जाते. म्हणून खजिनदारांनी इथे घाई करू नये. दुरुस्तीचे काम मोजमापावर दिले जाते: प्लास्टर इतके चौरस फूट, कॉलम-बीमची दुरुस्ती इतकी, टेरेसचे वॉटरप्रूफिंग इतके, प्रत्येकाचा दर ठरलेला. यातले टेरेस आधी नीट मोजता येते. कॉलम आणि बीमचे मात्र तसे नसते. भेगेतून पाणी आत जाते, सळईला गंज चढतो, गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेते आणि आतून दाब देऊन वरचे काँक्रीट सोडवते. बाहेरून दिसते ती केसासारखी उभी भेग. ऑडिटच्या वेळी इंजिनियर हात पोचेल तिथे हातोडीने ठोकून पाहतो. पोकळ आवाज आला की तिथले काँक्रीट सुटले आहे असे समजायचे. तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या छज्जावर परांची बांधल्याशिवाय हात पोचत नाही. त्यामुळे खरे मोजमाप परांची चढल्यावर आणि सुटलेले काँक्रीट काढल्यावरच कळते, आणि ते अंदाजापेक्षा कमी निघाल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. राखीव रक्कम त्यासाठी आहे. ती लागली नाही तर बँकेतून उचलायचीच नाही. तसे झाले तर कर्ज सव्वासव्वीस लाखांच्या आसपास राहील आणि लहान घराचा हप्ता २,२२४ ऐवजी १,९४४ वर येईल, मोठ्याचा २,८०८ वर. हे दोन्ही आकडे कागदावर छापून सभेत वाटले की संशय बराच निवळतो.

कर्ज ३० लाख, व्याज वर्षाला ११ टक्के, मुदत ६० महिने. महिन्याचा हप्ता ६५,२२७ रुपये. पहिल्या हप्त्यात २७,५०० रुपये व्याज असते आणि ३७,७२७ रुपये मुद्दल. शेवटच्या हप्त्यात व्याज सहाशे रुपयांच्या आत आलेले असते. पाच वर्षांत एकूण भरणा सुमारे ३९ लाख १४ हजार, म्हणजे व्याज ९ लाख १४ हजार. हा व्याजाचा आकडा लपवू नये. तो आज सांगितला नाही तर दुसऱ्या वर्षीच्या ताळेबंदात सभासदांना दिसणारच आहे, आणि तेव्हा त्याचे उत्तर देणे जास्त अवघड जाते.

मुदत सात वर्षे करा, हप्ता हलका होईल, अशी सूचना निवृत्त सभासदांकडून येते. ती ऐकून घ्यायलाच हवी. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात महिन्याच्या पाचशे रुपयांना वजन असते. सात वर्षांत हप्ता ५१,३६७ होतो. लहान घराला महिना १,७५१ आणि मोठ्याला २,५२९ पडतात. पण एकूण व्याज १३ लाख १५ हजारांवर जाते, म्हणजे पाच वर्षांच्या कर्जापेक्षा ४ लाख जास्त. शिवाय बाहेरचा रंग सात वर्षे टिकेलच असे नाही, आणि पुढच्या रंगाची वेळ येईल तेव्हा मागच्या कर्जाचा हप्ता चालू असेल. मला पाच वर्षे बरी वाटतात. ठरवायचे सभेने, आणि दोन्ही रकाने शेजारी शेजारी मांडलेले असले तरच ते नीट ठरते.

व्याजदर बदलता असेल तर तेही सांगून ठेवावे. सुरुवातीपासूनच दर १२ टक्के धरला तर हप्ता ६६,७३३ होतो. लहान घराला महिना ५१ रुपये वाढतात, मोठ्याला ७४. बऱ्याच वेळा बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते. आपली बँक यांतले काय करणार, हे खजिनदारांनी मंजुरीपत्रात पाहूनच सभेत यावे.

सभा तापते ती पुढच्या मुद्द्यावर: हे ६५,२२७ चोवीस घरांत वाटायचे कसे?

समान वाटले तर प्रत्येकाला २,७१८. क्षेत्रफळाप्रमाणे वाटले तर चौरस फुटाला ४ रुपये ९४ पैसे, म्हणून लहान घराला २,२२४ आणि मोठ्याला ३,२१२. दोन्ही पद्धतींत फरक महिन्याला ४९४ रुपयांचा, एका विंगेच्या बाजूने किंवा दुसऱ्या विंगेच्या. ‘ब’ विंगेतून कुणीतरी उठून म्हणते, “वॉचमन समान, जिन्याची झाडलोट समान, ऑफिसचा खर्च समान, मग हेच का क्षेत्रफळावर?”

खजिनदारांचे उत्तर असे हवे: “वॉचमन राखतो ती चोवीस घरे, मग घर लहान असो वा मोठे. म्हणून उपविधींनी सेवा शुल्क सगळ्यांना समान ठेवले आहे. मोठ्या दुरुस्तीचा निधी मात्र क्षेत्रफळाच्या आधारावर घ्यावा, असे त्याच उपविधींत लिहिले आहे. मोठ्या घराला बाहेरची भिंत जास्त, स्लॅब जास्त, खिडक्या आणि छज्जे जास्त. खर्च या भिंती-स्लॅबवर होणार आहे.” हे मोजके शब्द आणि उपविधीच्या त्या पानाची झेरॉक्स, एवढे पुरते. आवाज चढला म्हणून मधलाच एखादा आकडा तडजोडीने काढणे धोक्याचे. तसा ठराव पुढे कुणी उपनिबंधकांकडे नेला तर सोसायटीला बाजू मांडणे जड जाते.

क्षेत्रफळ म्हणताना कुठले, हेही आधीच सांगावे. नोंदणीकृत करारनाम्यातले चटई क्षेत्र घ्यायचे तर सगळ्यांचे तेच. कुणाचे चटई, कुणाचे बिल्ट-अप, कुणी बाल्कनी बंद केली म्हणून तिचे वेगळे, असा घोळ झाला की बेरीज १३,२०० येत नाही. हप्त्याची बेरीज बँकेच्या ६५,२२७शी जुळली नाही, तर नव्वद टक्के वेळा चूक याच रकान्यात सापडते.

तळमजल्यावरच्या सभासदाचा आक्षेप वेगळा असतो. “गळती तिसऱ्या मजल्यावर, आमच्या घरात थेंब नाही, आम्ही टेरेसचे पैसे का द्यायचे?” उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती आणि टेरेसमधून पाणी उतरून वरच्या मजल्यावरच्या छताचे झालेले नुकसान ही दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची असते. उलट, वरच्याच्या मोरीतून किंवा संडासातून खालच्याकडे पाणी येत असेल तर तो त्या सभासदाचा स्वतःचा खर्च. हा दुसरा भाग खजिनदारांनी आवर्जून सांगावा, नाही तर काम सुरू झाल्यावर प्रत्येक जण आपल्या बाथरूमच्या फरशा कंत्राटदाराकडून बदलून मागतो.

काही सभासदांना कर्जच नको असते. त्यांच्याकडे पैसे आहेत, ते एकरकमी भरायला तयार आहेत. त्यांच्यासाठी ३० लाखांचा मुद्दलातला वाटा काढायचा: लहान घराला १,०२,२७३ आणि मोठ्याला १,४७,७२७. हे पैसे बँकेकडून कर्ज उचलण्याआधी आले, तर तेवढे कर्ज कमी घ्यायचे. समजा ‘अ’मधल्या सहा आणि ‘ब’मधल्या चार घरांनी एकरकमी भरले. जमा झाले १२ लाखांहून थोडे जास्त. कर्ज राहिले सुमारे १८ लाख, आणि ते उरलेल्या १४ घरांचे. त्या १४ घरांचा हप्ता तोच राहतो, २,२२४ आणि ३,२१२. श्रीमंतांनी पैसे भरले म्हणून आमचा हप्ता वाढेल ही भीती सभेत असते, तिला हा हिशेब उत्तर देतो. एकरकमी भरणाऱ्या लहान घराचे पाच वर्षांतले ३१ हजारांहून थोडे जास्त व्याज वाचते. त्याने ते पैसे ठेवीतून मोडले असतील तर ठेवीचे व्याज बुडते, ते त्याने आपले आपण वजा करून पाहावे. एक गोष्ट मात्र त्याला स्पष्ट सांगायला हवी: कर्जदार सोसायटी आहे, सभासद नव्हे. इतरांनी हप्ते थकवले तर बँकेची नोटीस सोसायटीला येणार, आणि तो त्या सोसायटीचा सभासद आहेच.

थकबाकीचा प्रश्न इथूनच उभा राहतो, आणि खजिनदाराच्या भाषणातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. बँक पाच तारखेला ६५,२२७ एकदम कापते. चोवीस जणांनी भरले की वीस जणांनी, याच्याशी तिला कर्तव्य नसते. समजा ‘ब’मधल्या दोन आणि ‘अ’मधल्या एका घराने भरले नाही, त्या महिन्यात ८,६४८ रुपये कमी. हे पैसे येतात मेंटेनन्सच्या खात्यातून, म्हणजे बाकी २१ घरांच्या वीजबिलाच्या आणि वॉचमनच्या पैशांतून. सहा महिने असेच गेले तर जवळजवळ ५२ हजारांचे भगदाड पडते, आणि एखाद्या महिन्यात हप्ता परत जातो. म्हणून पहिला हप्ता सुरू होण्याआधी प्रत्येकाकडून तीन हप्ते आगाऊ घ्यावेत. सगळे मिळून १ लाख ९५ हजारांच्या आसपास होतात. ती रक्कम वेगळी ठेवावी आणि शेवटच्या तीन महिन्यांत वळती करून द्यावी.

थकवणाऱ्यावर सोसायटी सरळ व्याज लावू शकते, कमाल वर्षाला २१ टक्के. प्रत्यक्ष दर सभेने ठरवायचा. तरीही भरले नाही तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी ठराव, बिले, मागणीच्या नोटिसा आणि खातेउतारा लागतो. हे कागद दर महिन्याला तयार होत असतील तर अर्ज उभा राहतो. थकबाकी लाखावर गेल्यावर मागची बिले जमवायला बसणाऱ्या कमिट्या इथेच अडकतात. पाणी तोडणे, लिफ्ट बंद करणे असले उपाय सभेत कुणी सुचवले तर खजिनदारांनी तिथल्या तिथे नाही म्हणावे.

कर्जाचे पैसे एकदम उचलायचे नाहीत, हेही भाषणात यावे. काम सात-आठ महिने चालते. आधी सोसायटीचे १३ लाख खर्च करायचे, मग कंत्राटदाराचे चालू बिल येईल तसे कर्ज टप्प्याने उचलायचे. पहिले १० लाख उचलले तर त्या महिन्यापुरते व्याज ९,१६७ रुपये. तीसच्या तीस लाख उचलून खात्यात ठेवले तर २७,५००. बिल मंजूर होण्याआधी सल्लागाराने मोजमाप वहीत सही केलेली असावी आणि कमिटीच्या एका तरी माणसाने त्याच्याबरोबर परांचीवर जाऊन टेप धरलेला असावा. दर बिलातून ५ टक्के राखून ठेवायचे आणि दोष-दायित्वाची मुदत संपल्यावर, त्यातही निदान एक पावसाळा गेल्यावर, द्यायचे असे करारात लिहावे. टेरेसचे काम ठीक झाले की नाही, ते जुलैतच कळते.

पैशांचा माग सभासदांना दिसत राहावा म्हणून कर्जाचे बँक खाते वेगळे, आणि मासिक बिलात ‘दुरुस्ती कर्ज हप्ता’ हे शीर्षक वेगळे. मेंटेनन्समध्ये मिसळून ‘वाढीव शुल्क’ म्हणून लावलेली रक्कम कर्ज फिटल्यावरही तशीच चालू राहते, असे मी पाहिले आहे. नोटीस बोर्डवर दर तिमाहीला चार ओळी पुरतात: कर्ज किती उचलले, मुद्दल किती फिटले, किती बाकी, थकबाकी किती घरांची. मुदतीच्या मध्ये कुणी घर विकले तर उरलेले हप्ते नवा मालक भरणार की विकणारा एकरकमी फेडून जाणार, ते ना-हरकत देण्याआधी लेखी घ्यावे. घर भाड्याने दिले असेल तर सोसायटी पैसे मालकाकडूनच मागणार.

शेवटी खजिनदार ठराव वाचतात. त्यात कर्जाची कमाल रक्कम ३० लाख, व्याजाचा दर, मुदत ६० महिने, वाटणी करारनाम्यातल्या चटई क्षेत्राप्रमाणे, एकरकमी भरण्याची अंतिम तारीख, तीन आगाऊ हप्ते आणि थकबाकीवरच्या व्याजाचा दर हे सगळे आकड्यांत असते. सोसायटीला कर्ज किती काढता येते यालाही नियमांत मर्यादा आहे: वसूल भागभांडवल, राखीव निधी आणि इमारत निधी यांच्या बेरजेतून संचित तोटा वजा करून येईल त्याच्या दहा पट. लहान सोसायटीने ही बेरीज ताळेबंदावरून आधी करून पाहावी, कमी पडली तर निबंधकांची मंजुरी घ्यावी लागते.

आणि एक ठराव मी त्याच सभेत मांडायला सांगतो, कारण एकसष्टाव्या महिन्यात तो मांडायला कुणाला आठवत नाही. कर्ज फिटल्यावर ‘दुरुस्ती कर्ज हप्ता’ बिलातून निघेल आणि त्या महिन्यापासून मोठ्या दुरुस्तीचा निधी चौरस फुटाला २ रुपये सुरू होईल. लहान घराला महिना ९००, मोठ्याला १,३००. सोसायटीकडे वर्षाला ३ लाख १६ हजार ८००. पाच वर्षांत व्याज सोडून पावणेसोळा लाखांच्या वर जमतात, आणि पुढच्या रंगासाठी बँकेत अर्ज न्यावा लागत नाही.